उतारावरून घरंगळणाऱ्या गोटीचा वेग कमी का भरतो?

दोन मीटर लांबीची सरळ, गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका टोकाखाली पुस्तकांची चवड ठेवून ते टोक दुसऱ्यापेक्षा २० सेंटीमीटर उंच करा. वरच्या टोकाशी एक काचेची गोटी धरा आणि अजिबात धक्का न देता सोडा. खाली पोचताना तिचा वेग किती असेल?

बारावीच्या वर्गात हा प्रश्न घातला की बहुतेक वह्यांत एकच उत्तर दिसतं. वर असताना गोटीपाशी स्थितिज ऊर्जा mgh होती, खाली तिची गतिज ऊर्जा ½mv² झाली, दोन्ही समान मांडा, m उडतो:

```
v = √(2gh) = √(2 × 9.8 × 0.2) ≈ 1.98 m/s
```

एकदा मी हे गणित फळ्यावर न सोडवता मुलांना फळी आणि गोट्याच दिल्या. वेग थेट मोजायला अवघड, पण वेळ मोजणं सोपं. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, गोटी सुटल्याचं आणि खालच्या कडेला पोचल्याचं चित्र शोधायचं आणि मधला वेळ वाचायचा. थांबलेली वस्तू एकसारख्या त्वरणाने निघाली, तर तिचा शेवटचा वेग सरासरी वेगाच्या दुप्पट असतो. म्हणजे दोन मीटरची दुप्पट, चार मीटर, भागिले लागलेला वेळ. गोटीला साधारण २.४ सेकंद लागत होते. चार भागिले २.४ म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर. गणिताने १.९८ सांगितले होते.

"घर्षणात गेली असेल ऊर्जा, सर," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

तिचं म्हणणं लगेच खोडून काढण्यासारखं नव्हतं, कारण भौतिकशास्त्रात काही कमी पडलं की पहिला संशय घर्षणावरच जातो. पण मग घर्षण बदलून बघायला हवं. काचेच्या गोटीऐवजी बेअरिंगमधली स्टीलची गोळी सोडली. मोठी गोटी सोडली, छोटी सोडली. फळीवर सनमायका होता, फळी पालथी घालून लाकडी बाजू वर केली. दर वेळी आकडा २.४ च्या आसपासच राहिला. जी तूट पृष्ठभाग बदलला, वजन बदललं, आकारमान बदललं तरी हलत नाही, ती घासण्याने होणारी गळती असू शकत नाही. गळती असती तर लाकडावर वेगळी आणि सनमायक्यावर वेगळी दिसली असती.

मग तुटीचंच माप काढलं. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून १.६७ ला १.९८ ने भागून त्याचा वर्ग करायचा. उत्तर येतं ०.७१. शंभर भागांतले ७१ भाग सापडले, २९ हरवले. ही २९ टक्क्यांची तूट म्हणजे जवळजवळ नेमका दोन सप्तमांश हिस्सा. इतका नीटनेटका अपूर्णांक गळतीतून येत नाही.

ती ऊर्जा हरवलेली नाही. गोटी नुसती पुढे जात नाहीये, ती स्वतःभोवती गरगर फिरतही आहे, आणि त्या फिरण्याला ऊर्जा लागली आहे. आपण ½mv² लिहिलं तेव्हा गोटीचा प्रत्येक कण सेकंदाला v इतक्याच वेगाने चालला आहे असं न बोलता गृहीत धरलं. घसरणाऱ्या साबणाच्या वडीबाबत ते खरं आहे. घरंगळणाऱ्या वस्तूत दोन कणांचे वेग सहसा सारखे नसतात.

हे नीट दिसावं म्हणून गोटी बाजूला ठेवून एक पातळ रिंग घेऊ, म्हणजे सगळं वस्तुमान परिघावरच राहील. सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. चाकाचा मध्य v वेगाने पुढे जातोय. चाकाचा सगळ्यात खालचा, जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण ओल्या मातीतून गेलेल्या सायकलचा ठसा पाहा. टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली असते, फरफटलेली नसते. खालचा बिंदू पुढे सरकत असता तर नक्षी पुसली गेली असती. आणि सगळ्यात वरचा बिंदू? मध्य v ने पुढे, शिवाय फिरण्यामुळे तो स्वतः मध्याच्या पुढे v ने, म्हणून त्याचा वेग 2v. धावत्या सायकलच्या फोटोत खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट येतात, त्याचं कारण हेच.

आता ऊर्जेचा हिशेब करू. समजा रिंगेचा एक छोटा कण अगदी वर आहे आणि तितकाच एक कण अगदी खाली. वरच्याच्या वेगाचा वर्ग 4v², खालच्याचा शून्य. दोघांची सरासरी 2v². दुसरी जोडी घ्या, एक कण सगळ्यात पुढचा आणि एक सगळ्यात मागचा. यांना पुढे जाण्याचा वेग v आणि वर किंवा खाली जाण्याचा वेग v, दोन्ही एकमेकांना काटकोनात. पायथागोरसने वर्ग होतो v² + v², म्हणजे पुन्हा 2v². परिघावरची समोरासमोरची कोणतीही जोडी घ्या, सरासरी 2v² च येते. तेव्हा संपूर्ण रिंगेची ऊर्जा ½m गुणिले 2v², म्हणजे mv². निम्मी पुढे जाण्याची, निम्मी फिरण्याची.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते आणि पाठ्यपुस्तकं तिच्यावरून भरभर पुढे जातात. ऊर्जेची अशी दोन स्वच्छ भागांत वाटणी करता येते, हे गृहीत धरण्यासारखं नाही. प्रत्येक कणाचा वेग म्हणजे मध्याचा वेग अधिक मध्याभोवतीचा वेग. बेरजेचा वर्ग केला की पहिल्याचा वर्ग येतो, दुसऱ्याचा वर्ग येतो, आणि दोहोंच्या गुणाकाराची दुप्पटही येते. ती तिसरी संज्ञा कुठे गेली? वरच्या कणासाठी ती अधिक आहे, कारण त्याचं फिरणं पुढे जाण्याला साथ देतं. खालच्या कणासाठी ती तितकीच उणे आहे, कारण त्याचं फिरणं मागे ओढतं. जोडीजोडीने ती कटते आणि शून्य उरते. पण हे कटणं वस्तुमानकेंद्राभोवती मोजलं तरच हमखास होतं. दुसरा एखादा बिंदू मध्य म्हणून धरला तर सहसा जोड्या जुळत नाहीत आणि तिसरी संज्ञा मागे राहते. एका बाजूला शिसं चिकटवलेली रिंग घरंगळवताना हिशेब चुकतो तो इथेच. मुलं रिंगेचा भौमितिक मध्य धरतात, आणि वस्तुमानकेंद्र भलतीकडे असतं. अठराव्या शतकात योहान सॅम्युएल कोनिगने ही वाटणी नीट मांडली, म्हणून तिला कोनिगचं प्रमेय म्हणतात.

रिंगेकडून गोटीकडे यायला आता थोडंच बाकी आहे. गोटीत वस्तुमान परिघावर नाही, आतपर्यंत भरलेलं आहे. अक्षाजवळचे कण लहान वर्तुळात फिरतात, त्यांचा फिरण्याचा वेग कमी, त्यामुळे फिरण्यात अडकलेली ऊर्जाही रिंगेपेक्षा कमी. वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलं आहे याचं माप म्हणजे जडत्व आघूर्ण, I. ते mR² च्या काही पटीत लिहिता येतं. त्या पटीला मी k म्हणतो. तुमच्या पुस्तकात याच जागी K²/R² लिहिलेलं असेल, अर्थ तोच. पातळ रिंगेसाठी k बरोबर १, भरीव दंडगोलासाठी १/२, पोकळ चेंडूसाठी २/३ आणि भरीव गोळ्यासाठी २/५.

न घसरता घरंगळण्याची अट एवढीच, की एक फेरा पूर्ण होताना वस्तू आपल्या परिघाइतकीच पुढे जावी. त्यावरून फिरण्याचा कोनीय वेग ω बरोबर v/R येतो. आता सगळं एकत्र लिहू:

```
mgh = ½mv² + ½Iω²
I = kmR²,  ω = v/R
mgh = ½mv²(1 + k)
v = √( 2gh / (1 + k) )
```

तिसऱ्या ओळीत काय झालं पाहा. I मध्ये R² वर होता, ω² मध्ये खाली, दोन्ही कटले. m दोन्ही बाजूंना होता, तोही गेला. मोठी गोटी, छोटी गोटी, काच, स्टील, सगळ्यांना २.४ सेकंदच का लागले ते इथे कळतं. उरला तो फक्त k, म्हणजे वस्तुमान कसं पसरलं आहे एवढंच.

गोटीसाठी 1 + k म्हणजे १.४. आपल्या २० सेंटीमीटरच्या उंचीसाठी 2gh होतं ३.९२. त्याला १.४ ने भागलं की २.८, वर्गमूळ १.६७. मोजलेल्या वेगाशी जुळलं. फिरण्यातला हिस्सा k/(1 + k), म्हणजे ०.४ भागिले १.४, बरोबर दोन सप्तमांश. आपली "हरवलेली" २९ टक्के ऊर्जा ती हीच.

आता फळीवर शर्यत लावता येते. गोटी, गोल लाकडी दांड्याचा एक तुकडा आणि पॅकिंग टेपचं रिकामं रीळ, तिन्ही एकाच रेषेत धरून पट्टीच्या आधाराने एकदम सोडा. गोटी २.३९ सेकंदांत, दांडा २.४७ मध्ये आणि रीळ, ते अगदी पातळ नसल्यामुळे, २.८ च्या आसपास खाली यायला हवं. गोटी आणि दांडा यांच्यातला आठ शतांश सेकंदाचा फरक घड्याळावर पकडणं कठीण आहे. त्यापेक्षा गोटी कडेला पोचेल त्या क्षणीचं व्हिडिओतलं चित्र थांबवा. दांडा तेव्हा साधारण १३ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडा जास्त मागे असतो, आणि रीळ अर्ध्या मीटरहून अधिक मागे. अंतर मोजणं वेळ मोजण्यापेक्षा इथे खूपच खात्रीचं पडतं.

घर्षणाला आपण मघाशी निर्दोष सोडलं, पण ते तिथे नव्हतं असं नाही. ते नसतं तर गोटी फिरलीच नसती, नुसती घसरत आली असती. उतार गोटीला खाली ओढतो. टेकलेल्या बिंदूवर घर्षण उताराच्या वरच्या दिशेने लागतं. हे बल गोटीच्या पुढे जाण्याला अडवतं, आणि तेच बल गोटीला फिरवतं. जेवढी ऊर्जा ते पुढच्या गतीतून काढून घेतं, तेवढीच फिरण्यात घालतं, स्वतःकडे काही ठेवत नाही. उष्णता तयार व्हायला दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकायला लागतात, आणि टेकलेला बिंदू तर त्या क्षणी स्थिर आहे. घर्षणाचं हे बल गोटीसाठी उताराच्या ओढीच्या दोन सप्तमांश येतं. पुन्हा तोच अपूर्णांक, कारण गोष्ट एकच आहे, फक्त बलाच्या बाजूने सांगितलेली.

यातूनच सूत्राची पहिली मर्यादा निघते. उतार चढा होत गेला की लागणारं घर्षण वाढत जातं आणि पृष्ठभागाला ते पुरवता येईनासं होतं. गोटी न घसरता यायला घर्षण गुणांक उताराच्या स्पर्शिकेच्या, म्हणजे tanθ च्या, किमान दोन सप्तमांश हवा, रिंगेला निम्मा. ४५ अंशांच्या उतारावर गोटीला ०.२९ पुरतो, रिंगेला ०.५ लागतो. त्यामुळे फळी हळूहळू चढी करत गेलात तर रिंग आधी घसरू लागते, गोटी नंतर. घसरली हे ओळखायचं कसं? मुलांना वाटतं की घसरल्याने उष्णता होते, म्हणजे ती उशिरा पोचेल. उलट होतं. घसरणाऱ्या वस्तूला फिरण्यात पुरती ऊर्जा घालता येत नाही, म्हणून ती सूत्रापेक्षा लवकर खाली येते. सूत्रापेक्षा कमी वेळ भरला तर घसरण, जास्त भरला तर दुसरं काहीतरी ऊर्जा खात आहे.

ते दुसरं काहीतरी बघायचं असेल तर टेबल टेनिसचा चेंडू सोडा. तो पोकळ आहे, k दोन तृतीयांश, म्हणून २.६१ सेकंद यायला हवेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम आणि व्यास ४० मिलिमीटर. आपल्या मंद उतारावर त्याला खाली ओढणारं बल फारच लहान आहे, आणि खालच्या टोकाशी पोचताना हवेचा विरोध त्या ओढीच्या जवळपास एक तृतीयांश होतो. m कटतो हे खरं, पण फक्त तोवर, जोवर वजनाखेरीज दुसरं बल हिशेबात नाही. काचेच्या गोटीला तीच हवा जाणवतही नाही.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो. सरळ भिंतींच्या दोन सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. एक पाण्याने काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दुसरी वाळूने ठासून भरा, वाळू आत सैल राहिली तर ती घासून ऊर्जा खाते. फळी रुंद असेल तर दोन्ही एकत्र सोडा. पाण्याची बाटली सहज जिंकते, अगदी गोटीलाही मागे टाकते. वाळू बाटलीबरोबर फिरते, ती भरीव दंडगोल झाली. पाणी मात्र फिरत नाही. बाटली त्याच्याभोवती फिरते आणि आतलं पाणी जवळजवळ तसंच पुढे सरकतं. दोन सेकंदांत भिंतीला लागून असलेला एक-दोन मिलिमीटरचा थर तेवढा ओढला जातो. म्हणजे k जवळपास शून्य, आणि वेग घसरणाऱ्या वस्तूच्या जवळ. पाण्याऐवजी मध भरला तर तो थर जाड होत जातो आणि आत घर्षणाने ऊर्जाही जाते, म्हणून ती बाटली रेंगाळते.

उतारावर गोळा सोडून वेळ मोजणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध गॅलिलिओ. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने आपली मांडणी वर्णन केली आहे. सुमारे १२ हात लांबीची तुळई, तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र, आणि घरंगळायला घोटीव ब्राँझचा गोळा. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी वजन करायचं. त्याला आढळलं की अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. गोळा फिरतो आहे, त्या फिरण्यालाही ऊर्जा लागते, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तरी निष्कर्ष बरोबर आला, कारण फिरण्याचा हिस्सा संपूर्ण उतारावर एकाच प्रमाणात राहतो. एकसारखा गुणक प्रमाणाचा नियम बिघडवत नाही. पण त्या आकड्यांवरून कुणी सरळ पडणाऱ्या वस्तूचं त्वरण काढायला गेलं असतं, तर ते खऱ्याच्या जास्तीत जास्त पाच सप्तमांशच भरलं असतं. जास्तीत जास्त म्हणतो, कारण खाच हिशेब आणखी बदलू शकते.

खाचेचा हा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत सर्रास राहून जातो, आणि मग अॅल्युमिनियमच्या पट्टीत गोळी सोडून काढलेला g कमी आला की पुन्हा घर्षणाला दोष मिळतो. गोटी सपाट फळीवर तळाच्या बिंदूवर टेकते. खाचेत ती दोन कडांवर टेकते आणि थोडी आत बुडते. ती ज्या वर्तुळावर घरंगळते त्याची त्रिज्या आता R पेक्षा कमी झाली. तेवढंच अंतर जायला तिला जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून फिरण्यातला हिस्सा वाढतो. १६ मिलिमीटर व्यासाची गोटी आणि कडांमध्ये ८ मिलिमीटर अंतर असेल तर k ०.४ वरून ०.५३ होतो आणि वेळ २.५ सेकंद.

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने हे ऐकल्यावर दोन लाकडी पट्ट्या फळीवर समांतर चिकटवल्या आणि मधलं अंतर वाढवत नेलं. १२ मिलिमीटरला गणित २.८ सेकंद सांगतं, म्हणजे तीच भरीव गोटी टेपच्या रिळाइतकी मंद. १४ मिलिमीटरला, गोटी जेमतेम अडकून राहते तेव्हा, ३.३ सेकंद, आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा फिरण्यात. तिने गोटीवर लाल रंगाचा ठिपका लावला होता. सपाट फळीवर तो डोळ्यांना मोजता येत होता. पट्ट्यांवर त्याचा नुसता लाल पट्टा दिसत होता, आणि गोटी मात्र सावकाश खाली येत होती.